केवल वाक्य नावाची थाप

‘काल बाजारातून आणलेली साडी आज फाटली.’ हे वाक्य कोणत्या प्रकारचं? दहावीचं व्याकरण, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आणि उत्तरतालिका, सगळ्यांचं उत्तर एकच: केवल वाक्य. आता तेच जरा वेगळं म्हणा: ‘काल बाजारातून जी साडी आणली, ती आज फाटली.’ हे मात्र मिश्र वाक्य. यात ‘ती आज फाटली’ हे प्रधानवाक्य आणि ‘काल बाजारातून जी साडी आणली’ हे विशेषणवाक्य.

साडी तीच, बाजार तोच, काल आणि आजही तेच. तरी पहिलं वाक्य साधं आणि दुसरं गुंतागुंतीचं ठरतं. डोणगावात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या माझ्या गावात, संध्याकाळी मी तलाठी-पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मराठी शिकवतो. ही विभागणी मी त्यांच्याकडून पाठ करून घेतो, कारण मार्क तिलाच मिळतात. पण ती चुकीची आहे. थोडीशी नाही, अगदी उलटी आहे. ज्या वाक्यात वाक्य खरोखर पोटात शिरलेलं असतं त्याला आपलं शालेय व्याकरण ‘केवल’ म्हणतं, आणि ज्यात दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडलेली असतात त्याला ‘मिश्र’. मार्कांपलीकडेही या उलट्या शिकवणुकीचा तोटा होतो. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी ही विभागणी आली कुठून ते पाहू. वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्य फोडून प्रधानवाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य अशी नावं देणं, ही इंग्रजी शालेय व्याकरणाची रीत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. त्या काळात शिकणारा-शिकवणारा वर्ग इंग्रजी शाळेतून तयार होत होता, आणि ही रीत आपल्या वर्गांत मुरली. इंग्रजीत ती बऱ्यापैकी चालते, कारण इंग्रजी माणूस नामाला वाक्य जोडताना बहुतेकदा पूर्ण क्रियापद वापरतो. म्हणून क्रियापदं मोजली की वाक्यं मोजल्यासारखं होतं. मराठीत ही मोजणी फसते. आपण नामाला वाक्य जोडतो ते बहुतेक वेळा -लेला, -णारा, -त असलेला यांनी. ही रूपं धातुसाधितं. त्यांना ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांच्याप्रमाणे चालणारा काळ नाही, म्हणून शालेय व्याकरण त्यांना क्रियापद मानत नाही. क्रियापद नाही म्हणून वाक्य नाही, आणि वाक्य नाही म्हणून ‘आणलेली’ हे ‘निळी’सारखं एक विशेषण.

‘आणलेली’ आणि ‘निळी’ खरंच एका जातीचे असते तर माझी तक्रारच नव्हती. पण पारखून बघा.

पहिली परीक्षा क्रियाविशेषणाची. ‘काल आणलेली साडी आज फाटली’ यात ‘काल’ आणि ‘आज’ दोन्ही आहेत आणि भांडण नाही. ‘आणलेली’च्या जागी ‘निळी’ ठेवा: ‘काल निळी साडी आज फाटली.’ वाक्य कोसळतं. एका वाक्यात एका घटनेला एकच दिवस असतो. इथे दोन दिवस सुखाने नांदतात, कारण घटना दोन आहेत आणि प्रत्येक दिवस आपापल्या घटनेला बांधलेला आहे.

दुसरी परीक्षा कर्त्याची. ‘रमेशने आपल्या बायकोला दिलेली साडी सुरेशने परत केली.’ बायको कोणाची? डोणगावातलं शेंबडं पोरही सांगेल, रमेशची. आता नियम आठवा: ‘आपला’ हा शब्द आपल्या वाक्याच्या कर्त्याकडे बोट दाखवतो. हे सगळं एकच केवल वाक्य असेल तर त्याचा कर्ता सुरेश, मग बायको सुरेशची व्हायला हवी. ती रमेशची होते, कारण ‘रमेशने आपल्या बायकोला दिलेली’ एवढ्या तुकड्यात रमेश हाच कर्ता आहे. त्या तुकड्याला स्वतःचा कर्ता आहे, त्याला ‘ने’ लागला आहे, ‘बायकोला’ हे संप्रदान आहे आणि कर्म म्हणजे बाहेर उभी असलेली साडी. कर्ता, कर्म, संप्रदान असं सगळं बिऱ्हाड असलेल्या तुकड्याला वाक्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तिसरी परीक्षा नकाराची. ‘त्याने न भरलेला अर्ज मी भरला.’ नकार पहिल्या घटनेला, होकार दुसरीला. ‘न’ बाहेर गळत नाही, आतच राहतो.

या तिन्ही परीक्षांत धातुसाधित तुकडा वाक्य म्हणून उत्तीर्ण होतो. त्याच्या अंगावर काळाचा सदरा नाही, एवढाच फरक. सदऱ्यावरून माणूस ओळखायचा की नाही, हा प्रश्न व्याकरणकाराने स्वतःला विचारायला हवा होता.

गंमत म्हणजे पुस्तकालाही हे आतून ठाऊक आहे. त्याच पुस्तकात पुढे ‘अर्थ न बदलता वाक्यरूपांतर करा’ असा स्वाध्याय असतो. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ या मिश्र वाक्याचं ‘पाऊस पडल्यास पीक येईल’ असं केवल वाक्य करायचं. म्हणजे एका पानावर वाक्य गायब करायचं, आणि दुसऱ्या पानावर काहीच गायब झालं नाही असं म्हणायचं.

कोणी म्हणेल, नावात काय आहे. नावाआड भाषेची एक मोठी शक्ती झाकली जाते, म्हणून हा वाद. वाक्याच्या पोटात वाक्य घालता येणं म्हणजे अंतर्वेशन. ते घातलेलं वाक्य पुन्हा आपल्या पोटात वाक्य घेऊ शकतं आणि हे कुठे थांबवायचं याचा नियम नसतो, हे पुनरावर्तन. २००२ साली हॉसर, चॉम्स्की आणि फिच यांनी एक गृहीतक मांडलं: मानवी भाषाशक्तीत जे फक्त माणसाचं आहे, ते कदाचित एवढंच. २००५ साली डॅनियल एव्हरेट यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिरहा भाषेत असं अंतर्वेशन सापडत नाही असा दावा केला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण भाषेत वाक्यात वाक्य आहे की नाही हे ठरवण्याआधी वाक्य कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं, एवढं त्यातून आपल्याला घेता येतं. तेलुगूत ‘काल आलेला माणूस’ म्हणजे ‘निन्न वच्चिन मनिषि’. नामाला वाक्य जोडायची तिथली नेहमीची तऱ्हा हीच. आपल्या शालेय मापाने मोजलं तर तेलुगू माणूस दिवसभर केवल वाक्यंच बोलतो असा निकाल लागेल. असा निकाल देणारं माप फेकून द्यावं.

आता मराठीचं पुनरावर्तन बघू. ‘भावाने बांधलेल्या घरात राहणाऱ्या भाडेकरूने पाळलेल्या कुत्र्याने चावलेला पोरगा’. यात चार वाक्यं आहेत: भावाने घर बांधलं, घरात भाडेकरू राहतो, भाडेकरूने कुत्रा पाळला, कुत्रा पोराला चावला. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. तरी ऐकणाऱ्याला धाप लागत नाही. याचं कारण रचनेत आहे. प्रत्येक वाक्य पुढच्याच्या सुरुवातीला बसतं आणि पुढचं सुरू होण्याआधी मिटतं. घर आलं तेव्हा बांधणं संपलेलं होतं, भाडेकरू आला तेव्हा राहणं संपलेलं होतं. डोक्यात काही उघडं ठेवावं लागत नाही.

हे वाक्य त्याच्याशेजारी ठेवा: ‘सरपंचाने तलाठ्याने शेतकऱ्याने भरलेल्या अर्जावर मारलेला शिक्का तपासला.’ एकदा मोठ्याने वाचा. व्याकरणाने यात खोट नाही. सरपंचाने शिक्का तपासला, तो तलाठ्याने अर्जावर मारलेला, तो अर्ज शेतकऱ्याने भरलेला. पण वाचताना आधी तीन कर्ते ओळीने येतात, ‘ने’, ‘ने’, ‘ने’, आणि एकाचंही क्रियापद आलेलं नसतं. तिघांनाही ताटकळत धरून ठेवायचं. मग क्रियापदं उलट क्रमाने येतात: भरलेल्या शेतकऱ्याचं, मारलेला तलाठ्याचा, तपासला सरपंचाचा. याच्या पुढे ‘ग्रामसेवकाने’ जोडून चौथा मजला चढवला तर रचना नियमानेच होईल, पण ती कोणाला कळणार नाही. पहिल्या वाक्यात चार वाक्यं होती आणि ती सोपी गेली, इथे तीनच आहेत आणि दम लागतो. म्हणजे किती वाक्यं पोटात आहेत याने अडत नाही. वाक्य मध्येच अर्धवट सोडून दुसरं सुरू करावं लागतं, तिथे अडतं.

भाषाशास्त्रात याला मध्यवर्ती अंतर्वेशन म्हणतात. मिलर आणि चॉम्स्की यांनी १९६३ सालीच ही फारकत मांडली होती: नियम एका बाजूला, स्मरणाची ताकद दुसऱ्या बाजूला. फ्रेड कार्लसन या फिनलंडच्या अभ्यासकाने २००७ साली युरोपीय भाषांतले प्रत्यक्ष दाखले तपासले. लिखाणात अशी रचना तिसऱ्या पातळीपलीकडे जात नाही, आणि बोलण्यात एकापेक्षा जास्त पातळी जवळजवळ आढळतच नाही, असं त्याला दिसलं. म्हणजे नियमाला मर्यादा नाही, माणसाला आहे.

मग मराठी माणूस काय करतो? एक तर शब्द हलवतो: ‘शेतकऱ्याने भरलेल्या अर्जावर तलाठ्याने मारलेला शिक्का सरपंचाने तपासला.’ शब्द तेच, पोटातली वाक्यं तेवढीच, पण प्रत्येक कर्ता आपल्या क्रियापदाला चिकटून बसला. उघडं काही राहिलं नाही, वाक्य सरळ झालं. दुसरा उपाय जास्त जुना आहे आणि माझ्या मते मराठीचं खरं बळ तिथे आहे: ‘शेतकऱ्याने जो अर्ज भरला, त्यावर तलाठ्याने जो शिक्का मारला, तो सरपंचाने तपासला.’

नीट बघा, इथे पोटात काहीच नाही. एक वाक्य बोलून झालं, त्यातल्या एका वस्तूवर ‘जो’ची खूण केली, मग दुसरं वाक्य सुरू केलं आणि ‘त्या’ने ती खूण उचलली. गाडीच्या डब्यांसारखी वाक्यं एकामागे एक जोडली गेली. म्हणून मी म्हणतो की ‘जो-तो’ हे गुंतवण्याचं साधन नाही, उकलण्याचं आहे. पुस्तक मात्र त्यालाच ‘मिश्र’ म्हणून कठीणाच्या खात्यात टाकतं.

‘जो’चं वाक्य नामाच्या पोटात नसतं, याचा पुरावा हवा असेल तर हे घ्या: ‘ज्याने ज्याचं घेतलं, त्याने त्याचं परत द्यावं.’ इथे ‘जो’ दोनदा आला आणि ‘तो’ही दोनदा. पहिलं वाक्य कोणत्या नामाचं विशेषण? घेणाऱ्याचं की ज्याचं घेतलं त्याचं? दोघांचंही आहे, आणि म्हणून एकाच्याही पोटात मावत नाही. हिंदीतल्या अशाच रचनांवर वेणीता श्रीवास्तव (पुढे दयाल) यांनी १९९१ साली हाच मुद्दा मांडला: डाव्या बाजूला येणारं हे वाक्य नामाला लटकलेलं विशेषण नव्हे, ते मुख्य वाक्याच्या शेजारी उभं असतं. ‘विशेषणवाक्य’ हे नावच इथे खोटं पडतं. हेच म्हणणं ‘-लेला’ने सांगून बघा. एका ‘घेतलेल्या’त दोन माणसं बसवता येत नाहीत. इंग्रजीतही ते सरळ येत नाही. त्या भाषेच्या मापाने मोजलं म्हणून आपल्याला आपलं वेगळेपण दिसलं नाही.

‘-लेला’च्या मर्यादा आणखीही आहेत. ‘ज्याच्यासोबत मी आलो तो माणूस’ याचं ‘मी आलेला माणूस’ होत नाही. ‘ज्याच्यापेक्षा राम उंच आहे तो मुलगा’ याला धातुसाधित रूपच नाही. ‘सोबत’, ‘पेक्षा’ हे शब्द नामाबरोबर गळून पडतात, आणि ऐकणाऱ्याला ते नातं परत जुळवता येत नाही. जिथे नातं उघड असतं तिथे मात्र ‘बाप मेलेलं पोर’ बिनदिक्कत चालतं, कारण बाप कोणाचा हे विचारावं लागत नाही. कीनन आणि कॉम्री यांनी १९७७ साली जगभरच्या भाषा ताडून दाखवलं की कर्ता आणि कर्म यांच्यावर असं वाक्य बांधणं सोपं, आणि तुलनेच्या ‘पेक्षा’पाशी सगळ्यांत अवघड. मराठीत ‘-लेला’ मध्येच दमतो आणि ‘जो’ थेट टोकापर्यंत जातो.

आमच्या गावच्या बोलण्यात ‘जो-तो’ ठायी ठायी आहे. ‘जो लय बोलते तो काई करत नाई.’ ‘ज्याले पैसे देल्ले त्यानं काम नाई केलं.’ वऱ्हाडी बोलणारी माणसं साधी, तुटक वाक्यं बोलतात आणि मिश्र वाक्य शिकलेल्यांचं, असं जे बोललं जातं ते निव्वळ अज्ञान आहे. शाळेची पायरी न चढलेली बाई दिवसातून शंभर ‘मिश्र’ वाक्यं बोलते. आणि शिकलेला कारकून फायलीत जे लिहितो, ते पुस्तकाच्या हिशेबाने ‘केवल’ असतं.

आता तोट्याकडे येतो. सूचनांच्या भाषेत लिहिलेलं हे वाक्य घ्या. ते मी बनवलेलं आहे, पण सोयाबीन-कपाशी घेणाऱ्या कुठल्याही गावात अशी वाक्यं भिंतीवर चिकटलेली सापडतील:

‘पीक विमा उतरविलेल्या, अतिवृष्टीमुळे नुकसान झालेल्या क्षेत्राची ७२ तासांत सूचना दिलेल्या शेतकऱ्यांनी तलाठ्यांनी प्रमाणित केलेल्या उताऱ्याची प्रत जोडावी.’

शाळेच्या हिशेबाने यात एकच क्रियापद आहे, ‘जोडावी’. म्हणून हे केवल वाक्य. मी मोजतो तेव्हा पाच वाक्यं निघतात: विमा उतरवला, नुकसान झालं, सूचना दिली, उतारा प्रमाणित केला, प्रत जोडावी. बाकी अवघडपण सहन करू, पण ‘उतरविलेल्या’ हे कोणाचं? क्षेत्राचं की शेतकऱ्याचं? क्षेत्राचं असेल तर ज्या तुकड्याचा विमा आहे त्याच तुकड्याचं नुकसान धरायचं. शेतकऱ्याचं असेल तर विमा काढलेल्या कोणत्याही शेतकऱ्याने आपलं नुकसान झालेलं क्षेत्र कळवलं की तो या सूचनेत बसतो. दोन अर्थ, दोन याद्या.

हा संशय कुठून येतो तेही नेमकं सांगता येतं. ‘आणलेला’, ‘आणलेली’, ‘आणलेलं’ यांत लिंग दिसतं, त्यावरून विशेषण कोणाचं ते कळतं. पण पुढच्या नामाला प्रत्यय लागला की तिन्हींचं एकच होतं: ‘आणलेल्या’. सामान्यरूपात लिंगही पुसलं जातं आणि वचनही. ‘उतरविलेल्या’ ‘क्षेत्राची’लाही जुळतं आणि ‘शेतकऱ्यांनी’लाही. ‘मंजूर केलेल्या रस्त्यावरील पुलाचे काम’ यातही हीच भानगड. मंजूर काय झालं, रस्ता की पूल? ‘जो रस्ता मंजूर झाला त्यावरच्या पुलाचं काम’ आणि ‘रस्त्यावरचा जो पूल मंजूर झाला त्याचं काम’ अशी दोन वाक्यं लिहिली की वाद उरत नाही. ‘जो’ ज्या नामाला चिकटतो त्यालाच चिकटतो, आणि मराठीत तो लिंग-वचन घेऊन येतो.

तीच सूचना अशी लिहिता येते: ‘ज्या शेतकऱ्यांनी पीक विमा उतरवला आहे आणि त्यातल्या ज्या क्षेत्राचं अतिवृष्टीने नुकसान झालं त्याची सूचना ७२ तासांत दिली आहे, त्यांनी उताऱ्याची प्रत जोडावी. उतारा तलाठ्यांनी प्रमाणित केलेला असावा.’ थोडी लांबली, पण ‘त्यातल्या’ या एका शब्दाने कोणत्या क्षेत्राची गोष्ट आहे ते ठरलं. लिहिणाऱ्याला ते ठरवावंच लागलं. ‘-लेल्या’च्या रांगेत तो ते न ठरवता पुढे सरकू शकत होता.

म्हणून मी म्हणतो, ही थाप निरुपद्रवी नाही. कारकून होणाऱ्या पोराला आपण शिकवतो की ‘-लेल्या’ची माळ म्हणजे केवल, आणि ‘जो-तो’ म्हणजे मिश्र, म्हणजे भानगडीचं. तो नोकरीला लागतो आणि सोपं लिहायचं म्हणून माळ ओवतो. शेतकरी ती वाचून तलाठ्याकडे अर्थ विचारायला जातो, आणि तलाठी त्याच वर्गातून शिकून आलेला असतो.

दुरुस्तीला मोठं संशोधन लागत नाही. वाक्यं मोजताना काळ असलेली क्रियापदं मोजू नयेत, घटना आणि त्यांचे कर्ते मोजावेत. ‘आपला’ कोणाकडे बोट दाखवतो, ‘काल’ कोणत्या घटनेचा, ‘न’ कुठे थांबतो, हे तीन प्रश्न सातवीतला पोरगा विचारू शकतो. धातुसाधिताने बांधलेल्या तुकड्याला वाक्य म्हणावं, आणि ‘जो-तो’ची रचना नामाचं विशेषण म्हणून न शिकवता शेजारची वाक्यं जोडायची रीत म्हणून शिकवावी. रूपांतराच्या स्वाध्यायात ‘अर्थ न बदलता’ याच्याशेजारी आणखी एक प्रश्न छापावा: दोन्हींपैकी कोणत्या वाक्यात संशय राहतो, आणि कोणत्या शब्दामुळे?

तोवर माझ्या वर्गातली पोरं ‘काल आणलेली साडी आज फाटली’पुढे ‘केवल’ असंच लिहितील, कारण उत्तरतालिकेत तेच आहे. पण वहीत त्याखाली मी त्यांना ‘वाक्यं दोन’ असंही लिहायला लावतो.